मंजूर रजेचा दुसरा अर्ज

मराठी माणूस आयुष्यात पहिलं औपचारिक लेखन करतो ते रजेच्या अर्जाचं. 'विषय: एक दिवसाची रजा मिळणेबाबत.' निबंध, सारांश, कल्पनाविस्तार वगैरे मागून येतात. या अर्जात 'महोदय' आणि 'कळावे' यांच्यामध्ये एकच जिवंत गोष्ट असते, ती म्हणजे कारण. कारण जितकं केविलवाणं तितकी रजा पक्की, हे ज्ञान चौथीतच होतं. त्यामुळे एरवी ठणठणीत असलेल्या आज्या परीक्षेच्या आसपास अत्यवस्थ होतात आणि सामन्याच्या दिवशी पोटं दुखतात.

हाच विद्यार्थी पुढे पस्तिशीत रेझ्युमे लिहायला बसतो. सगळं झकास जमतं. मग 'अनुभव' या मथळ्याखाली एक जागा येते, जिथे तो काही महिने कामावर नव्हता. तिथे पोचल्याबरोबर त्याच्यातला चौथीतला मुलगा जागा होतो, हात जोडतो आणि कारण सांगायला लागतो.

मी कारखान्याच्या पर्सोनेल खात्यात नोकरी केली. त्या खात्याचं पुढे एचआर झालं, खुर्च्या गोल फिरायला लागल्या, मी मात्र तोच राहिलो. निवृत्तीनंतर नातेवाईक आणि सोसायटीतली मंडळी आपापले रेझ्युमे मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात, 'जरा नजर टाका' म्हणून. त्यांतले सगळ्यात लांब परिच्छेद कुठल्या प्रकल्पाबद्दल नसतात. ते रजेबद्दल असतात. जी रजा जुन्या कंपनीने केव्हाच मंजूर केली, भोगून झाली, संपली, तिचाच अर्ज लोक नव्या कंपनीकडे पुन्हा करतात.

माझ्या भाचीचंच घ्या. हिंजवडीतल्या एका कंपनीत ती सॉफ्टवेअर टेस्टर होती. जून 2017 ला लागली. 4 ऑक्टोबर 2021 पासून 3 एप्रिल 2022 पर्यंत बाळंतपणाची रजा, म्हणजे बरोबर 26 आठवडे. 1961 च्या मातृत्व लाभ कायद्यात 2017 साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून पहिल्या दोन मुलांसाठी एवढी पगारी रजा मिळते. त्याला जोडून तिने तीन महिने बिनपगारी रजा घेतली आणि जुलैत कामावर हजर झाली. मार्च 2023 मध्ये राजीनामा दिला, चौदा महिने घरी राहिली आणि 2024 च्या जूनमध्ये नवीन नोकरी शोधायला निघाली.

तिने पाठवलेल्या रेझ्युमेत ती एकाच कंपनीत दोनदा लागली होती. एकदा जून 2017 ते सप्टेंबर 2021. मग 'बाळंतपण व बालसंगोपन यामुळे खंड'. मग तीच कंपनी, जुलै 2022 ते मार्च 2023. मग पुन्हा खंड, आणि त्याखाली छोटा परिच्छेद. सिझेरियन अचानक करावं लागलं, सासूबाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया त्याच सुमारास आली, ठरवलेली बाई दिवाळीला गावी गेली ती परतलीच नाही, आणि 'तरीही मी माझं तांत्रिक ज्ञान अद्ययावत ठेवण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला आहे.' सगळ्यात वर ठळक अक्षरांत: 'एकूण अनुभव: 5 वर्षे 1 महिना.'

मी फोन केला. "अगं, हा हिशेब कुठून आला?"

"मामा, रजेचे नऊ महिने वजा केले. उगाच फसवणूक नको."

"राजीनामा दिलास तेव्हा ग्रॅच्युइटी मिळाली?"

"हो, मिळाली ना."

"किती वर्षांची?"

ती थोडा वेळ गप्प राहिली. "सहा."

तेच तर. ग्रॅच्युइटीच्या कायद्यात रजेमुळे सेवा तुटत नाही. बाळंतपणाची रजा सेवेतच धरतात. तिची सेवा 5 वर्षं 10 महिने झाली होती, आणि सहा महिन्यांवरचा तुकडा पूर्ण वर्ष मोजतात, म्हणून सहा वर्षं. दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार या दराने तिने सहा वर्षांचे पैसे घेतले होते आणि त्यातून एक वॉशिंग मशीनही आणलं होतं. पैसे घेताना सहा आणि अनुभव सांगताना पाच वर्षं एक महिना, एवढी नम्रता संतांनाही झेपली नसती.

आता गंमत अशी की फसवणूक टाळायला म्हणून तिने जे लिहिलं, तेच खोटं होतं. नव्या कंपनीत निवड झाली की पूर्वेतिहासाची पडताळणी होते. ते काम बहुतेक वेळा एखाद्या एजन्सीकडे असतं, आणि तिथल्या माणसाला तुमच्या सासूबाईंच्या गुडघ्यात रस नसतो. तो जुन्या कंपनीला साध्या गोष्टी विचारतो: रुजू कधी झाल्या, शेवटचा दिवस कोणता, हुद्दा काय होता, पुन्हा घ्याल का. रिलीव्हिंग लेटरवर लिहिलेलं असतं: 1 जून 2017 ते 31 मार्च 2023. पीएफच्या सेवा-नोंदीतही हेच, एकच खातं, रुजू झाल्याची एकच तारीख. आणि उमेदवाराच्या रेझ्युमेत मात्र दोन नोकऱ्या आणि मध्ये नऊ महिन्यांचं भगदाड. एजन्सीचा माणूस आपल्या अहवालात 'विसंगती' असा शेरा मारतो. त्या शेऱ्यामागे एक प्रामाणिक बाई हात जोडून उभी आहे, हे त्याच्या रकान्यात बसत नाही.

पर्सोनेल खात्यात आम्ही एकच प्रश्न विचारायचो: त्या दिवशी हा माणूस हजेरीपटावर होता का? तो कामावर होता का, हा निराळा प्रश्न. हजेरीपटावर नाव आहे आणि पुढे रजेची खूण आहे, तर नोकरी चालू आहे. रेझ्युमेतल्या तारखा म्हणजे नोकरीच्या तारखा. खुर्चीत बसल्याच्या नव्हेत. नाहीतर रविवारही वजा करावे लागतील, आणि काही मंडळींच्या बाबतीत दुपारी दोन ते चारसुद्धा.

या एका प्रश्नाने भाचीचे दोन खंड वेगळे झाले. पहिले नऊ महिने, पगारी आणि बिनपगारी मिळून, ती हजेरीपटावर होती. ते रेझ्युमेत कुठेच येणार नाहीत. तळटीप नाही, कंस नाही. 'जून 2017 ते मार्च 2023' अशी एकच ओळ. अनुभव 5 वर्षं 10 महिने. उरले नंतरचे चौदा महिने. त्या काळात कुठल्याच हजेरीपटावर तिचं नाव नव्हतं, म्हणून ते दाखवायचे.

"मग ते कसं लिहू?" तिने विचारलं. "नीट लिही," मी म्हणालो. इतका मोघम सल्ला ऐकून तिने माझ्याऐवजी एका वेबिनारचं ऐकलं.

दुसरा रेझ्युमे आला त्यात खंड गायब होता. त्या जागी एक नोकरी उगवली होती. हुद्दा: 'मुख्य कार्यकारी, गृहव्यवस्थापन.' खाली कामगिरी: 'अत्यंत मर्यादित शब्दसंपदेच्या ग्राहकाशी चोवीस तास संवाद.' 'भिन्न वयोगटांतील हितसंबंधीयांमध्ये आहारविषयक मतैक्य.' 'रात्रपाळीत अखंड सेवा.' 'तीन खोल्यांत वर्षभर शून्य गंभीर अपघात.' शेवटचा दावा तिच्या नवऱ्याने खासगीत खोडून काढला. टीव्हीचा पडदा तो गंभीर धरतो.

हा दुसऱ्या टोकाचा आजार आहे. माफीनामा आणि पोवाडा हे दिसायला उलटे, पण दोन्हीकडे माणूस न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देत असतो. शिवाय पोवाड्याची अडचण व्यावहारिक आहे. रेझ्युमे आधी संगणक चाळतो आणि त्याला विनोद कळत नाही. तो 'मुख्य कार्यकारी' हा हुद्दा उचलतो आणि टेस्टरच्या जागेसाठी ही बाई फार वरच्या पायरीची, असा हिशेब करतो. संगणकाच्या तावडीतून सुटलाच, तर पडताळणीवाला आहे. तो मालकाचा नंबर मागणार. घरचा मालक म्हणजे सासूबाई.

"हॅलो, अमुक बाई आपल्याकडे कामाला होत्या का?"

"होत्या म्हणजे? आहेत."

"वर्तणूक कशी होती?"

"तशी चांगली आहे हो. पण सकाळी उठायला..."

"पुन्हा घ्याल का?"

"विचारून सांगते."

भाचीने तो परिच्छेद स्वतःच काढला.

लिंक्डइनने मार्च 2022 मध्ये प्रोफाइलवर करिअर ब्रेक नोंदवण्याची सोय केली. त्यात तेरा प्रकार आहेत: पूर्णवेळ पालकत्व, कुणाची शुश्रूषा, आरोग्य, शोक, प्रवास, स्थलांतर, नोकरी जाणं, असे. मला त्या यादीचं कौतुक एवढ्यासाठी वाटतं की ती माणसाला एक प्रकार निवडायला लावते आणि तारखा विचारते. वर्णनाला जागा आहे, पण ती रिकामी राहिली तरी चालते. आमच्या भाचीची ओळ शेवटी अशी झाली:

करिअर ब्रेक (पालकत्व), एप्रिल 2023 ते मे 2024

एवढंच. खाली ठिपके नाहीत, कामगिरी नाही. त्या काळात तिने टेस्टिंगची आयएसटीक्यूबीची परीक्षा दिली होती. ती गेली प्रमाणपत्रांच्या मथळ्याखाली, महिन्यासकट. ब्रेकच्या ओळीखाली ती टाकली असती, तर 'बघा, मी अगदीच वाया गेले नाही' असा सूर लागला असता. प्रमाणपत्रांत ती नुसती एक परीक्षा राहिली, आणि तारीख वाचणाऱ्याला जे कळायचं ते कळलं.

इथे तिच्या नवऱ्याने एक शक्कल सुचवली. महिने गाळून नुसती वर्षं लिहायची: 2017 ते 2023. पुढची नोकरी 2024 ला लागली की भोक बुजलं. शक्कल जुनी आहे आणि रेझ्युमेच्या कागदावर चालूनही जाते. पण नोकरीच्या संकेतस्थळावरचा अर्ज महिना विचारतोच, आणि पडताळणीचा फॉर्म तर तारीख मागतो. मग कागद एक बोलतो, फॉर्म दुसरं, आणि वाचणाऱ्याला वाटतं की चौदा महिन्यांत नक्की काहीतरी भयंकर घडलं असणार. वास्तविक घडलं होतं ते दात येणं.

ही एक ओळ लिहिली की दारं धडाधड उघडतात, असं मात्र मी तिला सांगितलं नाही. अमेरिकेतल्या केट वाइसहार या समाजशास्त्रज्ञ बाईंनी 2018 साली एक प्रयोग छापला. त्यांनी काल्पनिक उमेदवारांचे अर्ज खऱ्या जाहिरातींना पाठवले. आई असलेल्या उमेदवारांपैकी सध्या नोकरीत असलेल्यांना शेकडा 15 ठिकाणांहून बोलावणं आलं, नोकरी गेलेल्यांना सुमारे 10 ठिकाणांहून, आणि मुलांसाठी घरी राहिलेल्यांना 5 ठिकाणांहून. बापांचंही जवळपास तसंच. म्हणजे कंपनीने काढलेला माणूस परवडला, स्वतःहून घरी बसलेला नको. तो देश वेगळा, तिथला बाजार वेगळा. तरी त्यातून मी एक गोष्ट उचलली: मुलांविषयी जितकं जास्त सांगाल, तितकी वाचणाऱ्याला ही बाई पुन्हा घरीच बसेल अशी शंका येणार. म्हणून 'पालकत्व' हा एक शब्द पुरे, आणि पानाची उरलेली जागा टेस्टिंगला.

बापांचा विषय निघालाच आहे तर तो लगेच संपवतो, कारण तो आहेच लहान. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला पितृत्व रजा मिळते 15 दिवसांची. बाराव्या दिवशी बारसं होतं, मग तीन दिवस भाड्याच्या खुर्च्या परत करण्यात जातात. खासगी कंपनीत किती मिळेल ते कंपनीच्या मर्जीवर. ही रजा रेझ्युमेत लिहायची वेळ कुणावर येत नाही.

सबॅटिकलचं प्रकरण मात्र जरा नाजूक आहे. आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात डिझाइन मॅनेजर होते. त्यांनी कंपनीकडून रीतसर पत्र घेऊन वर्षभराची बिनपगारी सबॅटिकल घेतली आणि पायी नर्मदा परिक्रमा केली. परिक्रमा करून आलेला मराठी माणूस सहसा पुस्तक लिहितो. यांनी रेझ्युमे लिहिला. ओंकारेश्वरहून प्रस्थान, अडीच हजार किलोमीटरच्या वर चाल, नदी ओलांडायची नाही हा नियम, कुठल्या आश्रमात खिचडी मिळाली, पायाला फोड किती आले, आणि शेवटी 'या अनुभवातून संघभावना व संसाधन व्यवस्थापन शिकलो.' परिक्रमेला ते एकटेच गेले होते.

"अहो, हे कंपनीत कुणाला सांगायचंय?" मी विचारलं.

"नाही सांगितलं तर वर्षभर काय केलं म्हणतील."

"मग सांगा ना. वर्षभर सबॅटिकलवर होतो, म्हणा."

"आणि पुढे?"

"पुढे पूर्णविराम."

हजेरीपटाचा प्रश्न इथेही विचारला. नाव होतं, पत्र होतं, परतल्यावर त्याच हुद्द्यावर रुजू झाले. मग भाचीसारखं हेही पूर्ण झाकून ठेवायचं का? माझं मत, नाही. बिनपगारी तीन महिने आणि बिनपगारी बारा महिने यांत फरक आहे. बिनपगारी वर्षात पगारच नाही, म्हणून पीएफचं पासबुक त्या बारा महिन्यांत कोरडं असतं. मालकाने भरलेल्या विवरणात ते दिवस योगदानाविना म्हणून मोजलेले असतात. शिवाय डिझाइन मॅनेजरला मुलाखतीत हमखास विचारतात, 2022 मध्ये कोणता भाग काढलात? त्यावर 'नर्मदेचा उत्तर तट' हे उत्तर देता येत नाही. म्हणून त्याच नोकरीखाली, कामगिरीच्या शेवटी एक ओळ: 'जानेवारी ते डिसेंबर 2022: कंपनीने मंजूर केलेली सबॅटिकल.' नोकरीच्या तारखा अखंड ठेवायच्या. नर्मदा कुठेच नाही.

ते फार हिरमुसले. शेवटी आम्ही तडजोड केली: रेझ्युमेच्या तळाशी 'आवडी' या रकान्यात 'पदभ्रमण' हा एक शब्द.

कारण सविस्तर लिहायची जागा आहे, पण ती वेगळी आहे. निवड झाल्यावर पडताळणीच्या फॉर्ममध्ये 'खंडाचे कारण' असा रकाना येतो. काही कंपन्या तर प्रतिज्ञापत्र मागतात, जसं मुलांना कॉलेजच्या प्रवेशाला गॅप सर्टिफिकेट द्यावं लागतं तसं. त्यात बाई शपथेवर सांगते की अमुक काळात मी कुठेही नोकरी केली नाही आणि कुठल्याही बेकायदेशीर कृत्यात सामील नव्हते. मग नोटरी शिक्का मारतो. बाळाला पाजत होते हे शपथेवर सांगायची सोय त्यात आहे, हवं तर तिथे दोन वाक्यं लिहावीत. रेझ्युमे फिरतो पन्नास हातांतून. तो फॉर्म बघतो एकच माणूस, तोही निवड झाल्यावर.

राहिली मुलाखत. भाचीची तयारी मी घेतली. उत्तर आम्ही पाठ केलं: "मुलगी लहान होती म्हणून वर्षभर ब्रेक घेतला. आता पूर्णवेळ कामाला तयार आहे." दोन वाक्यं. तिने ती छान म्हटली. मी काहीच बोललो नाही, मुद्दाम. मुलाखत घेणारे असे गप्प राहतात, बहुतेक वेळा ते पुढचा प्रश्न शोधत असतात. पण आपल्याकडे शांतता म्हणजे समोरच्याला पटलेलं नाही असा अर्थ घेतात.

"म्हणजे आता ती प्लेग्रुपला जाते," भाची म्हणाली.

मी गप्प.

"दुपारी सासूबाई असतात. त्यांचा गुडघा आता बरा आहे."

मी गप्प.

"आणि नाहीच जमलं तर समोरच्या वहिनी आहेत, त्या घरूनच काम करतात."

"वहिनींना कितीचं पॅकेज आहे?" मी विचारलं. तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं. नंतर ती दुसऱ्या वाक्याअखेर पाण्याचा घोट घ्यायला शिकली. तोंडात पाणी असताना बोलता येत नाही, यापलीकडे त्या युक्तीत काही नाही. खऱ्या मुलाखतीत तो प्रश्न आला, तिने दोन वाक्यं म्हटली, घोट घेतला आणि पुढचा प्रश्न ऑटोमेशनवर आला. दोन कंपन्यांनी नकार कळवला, तिसरीने घेतलं.

डिझाइन मॅनेजरांचं वेगळंच झालं. मुलाखत घेणारे गृहस्थ त्या एका ओळीवर थांबले. "सबॅटिकल? कुठे गेला होतात?" यांनी ठरल्याप्रमाणे सांगितलं, "वैयक्तिक प्रवास होता, सर," आणि तोंड मिटलं. ते म्हणाले, "खाली पदभ्रमण लिहिलंय. नर्मदा का?" मग विचारलेल्याला उत्तर देणं भागच होतं. चाळीस मिनिटांच्या मुलाखतीत शूलपाणीच्या झाडीपासून बुटांच्या तळव्यापर्यंत सगळं झालं. डिझाइनवर शेवटी दोन प्रश्न आले, तेही उभ्याउभ्या. नोकरी मिळाली. हे रुजू झाले आणि तिसऱ्या महिन्यात मुलाखत घेणारे साहेब वर्षभराच्या सबॅटिकलवर गेले. त्यांचं सगळं काम आता यांच्याकडे आहे, आणि रात्री नऊच्या आधी हे काही घरी येत नाहीत.